चार्टमधली सतरा मिनिटे कुठे गेली, आणि ती परत कशी आणायची

जूनचा दुसरा आठवडा. इंदुरात सकाळीच वळवाचा वारा सुटतो आणि रामबागेतल्या एका गल्लीत वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे संगणक चालूच राहतो आणि राउटरचा दिवाही जळत राहतो. पण गल्लीच्या तोंडाशी खांबावर जी फायबरची पेटी आहे, तिची बॅटरी कधीचीच संपलेली असते. 11 वाजून 1 मिनिट 40 सेकंदांनी ब्रोकरकडून येणारे भाव थांबतात आणि 11 वाजून 19 मिनिटे 37 सेकंदांनी पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळात मुंबईत एनएसईवर सौदे नेहमीसारखे होत होते. इंदूरच्या संगणकाला ते दिसले नाहीत, एवढेच.

टिक गोळा करून स्वतःच्या मिनिटाच्या कॅन्डल बनवणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग येतो. चार्टवर 11:01 च्या कॅन्डलला चिकटून 11:19 ची कॅन्डल दिसते. वरवर पाहणाऱ्याला भावाने उडी मारली असे वाटते, पण उडी वगैरे काही नसते, मधली पाने फाटलेली असतात. ही पाने मागून आणून जागच्या जागी लावणे म्हणजे बॅकफिल. काम ऐकायला सोपे आहे. ते अर्धवट केले तर मात्र चार्ट अखंड दिसतो आणि इंडिकेटर चुकीचे राहतात. उघड्या खिंडारापेक्षा हे वाईट, कारण खिंडार निदान डोळ्यांना दिसते.

एकच शेअर घेऊन हिशेब करू. भाव 500 रुपयांच्या आसपास, मिनिटाला साधारण पाच हजार शेअरची उलाढाल. वीज गेली तेव्हा भाव 500 होता आणि 20 कॅन्डलचा ईएमएसुद्धा 500 वरच होता. सोयीसाठी असे धरू की मधल्या वेळात भाव दर मिनिटाला पन्नास पैशांनी चढत गेला. म्हणजे 11:02 चा बंद भाव 500.50, 11:03 चा 501, असे करत 11:19 चा 509.

आधी मोजू: नुकसान किती आणि किती वेळ टिकते

ईएमएमध्ये नव्या भावाला ठरावीक वजन मिळते. 20 कॅन्डलसाठी ते वजन 2/(20+1), म्हणजे 0.0952. खिंडार तसेच ठेवले तर प्रोग्रामच्या दृष्टीने 11:01 नंतरची पुढची कॅन्डल 11:19 चीच असते. तो 500 आणि 509 मधल्या नऊ रुपयांना 0.0952 ने गुणतो आणि ईएमए 500.86 काढतो. सगळ्या कॅन्डल जागेवर असत्या तर तोच ईएमए 505.03 आला असता. फरक चार रुपये सतरा पैशांचा.

हा फरक आपोआप विरतो, पण सावकाश. दर मिनिटाला तो 19/21 पट उरतो. अर्ध्या रुपयाच्या आत यायला 22 मिनिटे लागतात आणि पाच पैशांच्या आत यायला 45. म्हणजे वीज 11:19 ला आली तरी हा ईएमए दुपारी बारा वाजून गेल्यावरच भरवशाचा होतो, आणि तोपर्यंत त्यावर बेतलेला प्रत्येक क्रॉसओव्हर संशयास्पद असतो.

एटीआरचे दुखणे वेगळे. तो प्रत्येक कॅन्डलची व्याप्ती मोजताना आधीच्या बंद भावापासूनचे अंतरही धरतो. समजा 14 कॅन्डलचा एटीआर 80 पैसे होता. 11:19 च्या कॅन्डलचा उच्चांक 509.20, आणि प्रोग्रामच्या मते आधीचा बंद भाव 500. म्हणून व्याप्ती 9.20 धरली जाते आणि एटीआर एका फटक्यात 80 पैशांवरून 1.40 रुपयांवर जातो. दोन एटीआर अंतरावर स्टॉपलॉस ठेवणाऱ्याचा स्टॉपलॉस 1.60 ऐवजी 2.80 रुपयांवर सरकतो. बाजारात घडले काहीच नाही, जोखीम मात्र पाऊणपट वाढली. हा फुगवटा निम्मा व्हायला दहा मिनिटे लागतात.

साध्या सरासरीवर चालणारे इंडिकेटर, म्हणजे एसएमए किंवा बोलिंजर बँड, त्या मानाने सरळमार्गी आहेत. खिडकी वीस कॅन्डलची असेल तर वीस नव्या कॅन्डल आल्यावर खिंडाराची काही खूण उरत नाही. सगळ्यात चिवट दुखणे व्हीवॅपचे, कारण तो सकाळपासूनची बेरीज वाहत असतो आणि दिवस संपेपर्यंत काहीच विसरत नाही.

इथे एक खास खोच आहे. बहुतेक ब्रोकरांच्या टिकमध्ये दिवसाचे एकूण व्हॉल्यूम येते, म्हणजे सकाळपासून किती शेअर फिरले ते. मिनिटाचे व्हॉल्यूम काढायला आपण दोन टिकमधला फरक घेतो. वीज गेली तेव्हा हा आकडा 2,14,600 होता आणि परत आली तेव्हा 3,02,900. साध्या वजाबाकीने मधले 88,300 शेअर एकट्या 11:19 च्या कॅन्डलवर येऊन पडतात. चार्टच्या तळाशी व्हॉल्यूमचा एक उंच खांब उभा राहतो, आणि व्हॉल्यूम पाहून ब्रेकआउट ओळखणारा कुठलाही नियम त्याला हमखास फसतो.

व्हीवॅप आधी 498 होता असे धरू. सगळे 88,300 शेअर 509 च्या भावाने लावले तर व्हीवॅप 501.21 होतो. प्रत्यक्षात ते शेअर वाटेतल्या निरनिराळ्या भावांना फिरले. त्यांची सरासरी 504.70 असेल तर खरा व्हीवॅप 499.95. काही प्रोग्राम जोडणी परत आल्यावर मोजणी नव्याने सुरू करतात. त्यांच्याकडे हे शेअर मोजलेच जात नाहीत आणि व्हीवॅप 498 च्या आसपासच रेंगाळतो. एकाच क्षणाचे तीन वेगळे आकडे, आणि त्यातला एकच खरा. दिवसअखेर एकूण व्हॉल्यूम 12 लाखांवर गेले तरी पहिल्या प्रकारच्या चुकीतले 32 पैसे शिल्लक राहतातच.

म्हणून जोडणी परत आल्यावर येणारी पहिली टिक वजाबाकीत घ्यायची नाही. तिचा एकूण आकडा फक्त नवा पाया म्हणून लिहून ठेवायचा. त्या मिनिटाचे व्हॉल्यूम अपुरे राहील, पण ते तसेही बदलायचेच आहे.

प्रत्येक रिकामी जागा भरायची नसते

रिकामी मिनिटे शोधणे सोपे. एनएसईचे नेहमीचे सत्र 9:15 ते 15:30, म्हणजे 375 मिनिटे. पहिली कॅन्डल 9:15 ची, शेवटची 15:29 ची. पूर्ण यादी करायची आणि आपल्याकडे असलेली मिनिटे त्यातून वजा करायची:

```python
full = pd.date_range("2025-06-11 09:15", "2025-06-11 15:29",
                     freq="1min", tz="Asia/Kolkata")
missing = full.difference(bars.index)
```

बाजार चालू असताना हे चालवायचे तर यादी शेवटच्या पूर्ण झालेल्या मिनिटापर्यंतच ठेवायची.

पण `missing` मध्ये आलेले प्रत्येक मिनिट हरवलेले असतेच असे नाही. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसईवरचे व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे 11:40 ला थांबले, 15:45 ला परत सुरू झाले आणि 17:00 पर्यंत चालले. त्या दिवसावर वरचा कोड चालवला तर 11:40 ते 15:29 ही 230 मिनिटे रिकामी म्हणून येतील. ती भरायची नाहीत. त्या मिनिटांत सौदेच झाले नाहीत, तर आणणार काय? उलट संध्याकाळची 75 मिनिटे या यादीत नाहीतच, आणि नेमकी ती हवीत. शिवाय बीएसई त्या दिवशी चालू होते. एनएसईच्या चार्टमधली जागा बीएसईच्या कॅन्डलने भरायचा मोह तेव्हा होऊ शकतो. तो टाळायचाच. बाजार दोन आहेत, भाव आणि व्हॉल्यूम दोन्हीकडचे वेगळे. बीएसईचे व्हॉल्यूम एनएसईच्या व्हीवॅपमध्ये मिसळले तर पुढे कुठलाच आकडा जुळणार नाही.

मार्च 2020 मध्ये 13 आणि 23 तारखेला सर्किट ब्रेकर लागून सगळा बाजार थांबला होता. तिथेही रिकामी जागा हीच खरी माहिती आहे.

तिसरी रिकामी जागा रोजची असते. कमी उलाढालीचा शेअर किंवा लांबच्या स्ट्राइकचा ऑप्शन घेतला तर कितीतरी मिनिटांत एकही सौदा होत नाही, आणि सौदा नाही तर कॅन्डलही नाही.

या तिन्ही जागा वेगळ्या ओळखायची खूण सरळ आहे. आपल्याकडे सगळ्याच शेअरांची आणि निफ्टीचीही मिनिटे नाहीत, पण इतिहास पुरवणाऱ्या स्रोताकडे आहेत, तर खंड आपला, म्हणून भरायचा. स्रोताकडेही कोणाचीच नाहीत, तर बाजार थांबला होता. एकाच शेअरची नाहीत आणि बाकी सगळ्यांची आहेत, तर बहुधा त्याच्यात सौदा झाला नाही. या शेवटच्या प्रकारात चार्ट अखंड दिसावा म्हणून आधीच्या बंद भावाची सपाट कॅन्डल दाखवायला हरकत नाही, पण शून्य व्हॉल्यूमची आणि फक्त पडद्यावर. डेटाबेसमध्ये ती लिहू नये.

हेच सरळ रेषेबद्दल. काही जण 500 आणि 509 ला रेषेने जोडून मधली मिनिटे तयार करतात. आपल्या उदाहरणात भाव सरळच चढला, त्यामुळे रेषेने ईएमए अगदी बरोबर येईल. भाव मध्येच 513 ला जाऊन परतला असता तर? रेषेला ते कळायचा काही मार्ग नाही. रेषेत उच्चांक-नीचांक नसतात, व्हॉल्यूम नसते, आणि एटीआर व बोलिंजर बँड विनाकारण शांत दिसतात. जे भाव कुणी दिले-घेतले नाहीत ते साठ्यात ठेवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुठून कुठपर्यंत, आणि कधी

पूर्ण हरवलेली मिनिटे 11:02 ते 11:18, म्हणजे सतरा. पण आणायच्या कॅन्डल एकोणीस. 11:01 ची आपली कॅन्डल पहिल्या चाळीस सेकंदांचीच आहे आणि 11:19 ची शेवटच्या तेवीस सेकंदांची. दोन्ही साठ्यात आहेत, म्हणून `missing` त्यांना पकडत नाही. बॅकफिलमध्ये सर्वाधिक होणारी चूक हीच: मधले भरतात आणि दोन्ही काठ तुटकेच राहतात. 11:01 चा उच्चांक आपल्याकडे 500.20 आहे. शेवटच्या वीस सेकंदांत भाव 500.45 ला जाऊन आला असेल तर तो आपल्याला कधीच कळणार नाही.

यासाठी खंडाची नोंद सेकंदानिशी हवी. जोडणी तुटल्याच्या संदेशावर विसंबू नये. फायबर बंद पडल्यावर सॉकेट बराच वेळ स्वतःला जोडलेलाच समजत राहतो. त्यापेक्षा निफ्टी किंवा दुसऱ्या भरपूर उलाढालीच्या नावाची शेवटची टिक केव्हा आली ते पाहावे. बाजाराच्या वेळात पाच सेकंद काहीच आले नाही तर खंड सुरू झाला असे धरून वेळ लिहायची, पहिली टिक आली की शेवट लिहायचा. ज्या ज्या मिनिटाला हा खंड नुसता स्पर्श करतो ते प्रत्येक मिनिट परत आणायचे.

कधी आणायचे? 11:19:37 ला जोडणी आली म्हणून 11:19:40 ला मागणी केली तर 11:19 ची कॅन्डल अजून बनत असते. स्रोत ती अर्धी कॅन्डल बिनदिक्कत देतो आणि आपण ती पूर्ण समजून लिहितो. 11:20 वाजू द्यावेत, वर दहा-पंधरा सेकंद जाऊ द्यावीत, मग मागावे. 11:20 ची कॅन्डल पहिल्या सेकंदापासून आपल्याच टिकांनी बनते आहे, तिला हात लावायचा नाही. आणणे चालू असताना येणाऱ्या टिका नेहमीच्या जागी जमा होत राहाव्यात, फक्त इंडिकेटर आणि ऑर्डर तेवढा वेळ थांबवून ठेवाव्यात.

शेअर बरेच असतील तर वेळेचा हिशेब लागतो. समजा स्रोत सेकंदाला तीन मागण्या घेतो आणि आपल्याकडे दोनशे शेअर आहेत. सगळे आणायला 67 सेकंद लागतील. ज्यांत आपले सौदे उघडे आहेत ते शेअर आधी आणावेत, नुसते पाहण्यासाठी ठेवलेले नंतर. मर्यादा ओलांडली की मागणी नाकारली जाते आणि रिकामे उत्तर येते. ते रिकामे उत्तर "सौदा झाला नाही" असे वाचले गेले तर खिंडार कायमचे राहते. नकार आणि रिकामी यादी या दोन गोष्टी प्रोग्राममध्ये वेगळ्या ओळखल्याच पाहिजेत.

लिहिताना शेअर आणि वेळ ही जोडी अनन्य ठेवायची, म्हणजे तेच काम दोनदा झाले तरी कॅन्डल दुप्पट होत नाही:

```sql
INSERT INTO bar1m (sym, ts, o, h, l, c, v, src, received_at)
VALUES (?, ?, ?, ?, ?, ?, ?, 'backfill', ?)
ON CONFLICT (sym, ts) DO UPDATE SET
  o = excluded.o, h = excluded.h, l = excluded.l,
  c = excluded.c, v = excluded.v,
  src = excluded.src, received_at = excluded.received_at;
```

जुळते का, ते पाहिल्याशिवाय लिहू नये

आणताना फक्त 11:01 ते 11:19 आणू नये. 10:50 पासून आणावे. काठाबाहेरच्या या अकरा कॅन्डल आपल्याकडेही धडधाकट आहेत, आणि स्रोताचे आपल्याशी जमते का हे त्यांच्यावरूनच कळते.

पहिली तपासणी वेळेच्या शिक्क्याची. आपण 10:58:00 ते 10:58:59 या मिनिटाला 10:58 म्हणतो. काही स्रोत त्याच मिनिटाला 10:59 म्हणतात, कारण ते मिनिट संपल्याची वेळ लिहितात. आपले बंद भाव 10:58 ला 499.60, 10:59 ला 499.85 आणि 11:00 ला 499.90 आहेत, आणि स्रोतात हेच तीन आकडे 10:59, 11:00 आणि 11:01 समोर दिसले, तर एक मिनिटाचा सरक आहे हे उघड आहे. तो न ओळखता लिहिले तर एका काठावर एक मिनिट दोनदा येते आणि दुसऱ्या काठावर एक गळते. चार्ट पाहून हे सांगताच येत नाही.

जागतिक वेळेचा गोंधळ त्या मानाने लगेच कळतो. 11:02 हे जागतिक वेळेत 05:32 असते. ते भारतीय वेळ समजून लिहिले तर कॅन्डल पहाटे साडेपाचला जाऊन बसते, आणि साडेपाच तास दोनदा मिळवले तर 16:32 ला, बाजार बंद झाल्यावर. सत्राबाहेरचे एकही मिनिट दिसले की काम तिथेच थांबवावे.

दुसरी तपासणी उच्चांक-नीचांकांची. ब्रोकरकडून येणारी टिक म्हणजे प्रत्येक सौदा नव्हे, ती काही क्षणांच्या अंतराने टिपलेली स्थिती असते. त्यामुळे आपण बनवलेल्या कॅन्डलमध्ये एखाद-दुसरा टोकाचा भाव निसटतो. आपला उच्चांक स्रोतापेक्षा पाच-दहा पैशांनी खाली असणे स्वाभाविक आहे. आपला उच्चांक स्रोताच्या वर असेल तर मात्र थांबावे. जे त्यांच्याकडे नाही ते आपल्याला कसे दिसले? बहुधा मिनिट सरकले आहे, किंवा एनएसईऐवजी बीएसईचा शेअर मागितला गेला आहे.

तिसरी तपासणी सगळ्यात बळकट, कारण ती दिवसाच्या एकूण व्हॉल्यूमवर उभी आहे, आणि तो आकडा वीज गेल्याने हरवत नाही. 11:00 च्या मिनिटातल्या शेवटच्या टिकवर एकूण व्हॉल्यूम 2,11,200 होते. 11:19 मधल्या शेवटच्या टिकवर 3,05,100. फरक 93,900. आणलेल्या एकोणीस कॅन्डलच्या व्हॉल्यूमची बेरीज याच्या जवळपास आली पाहिजे. बेरीज 93,620 आली तर 280 चा फरक मिनिटाच्या सीमेवर टिक कधी पडली त्यामुळे आहे, ठीक आहे. बेरीज 88,700 आली तर तूट 5,200 ची, आणि या शेअरची एका मिनिटाची उलाढाल साधारण तेवढीच. एक कॅन्डल गळली आहे, शोधा.

ही तुलना खंडाच्या दोन टोकांमधल्या फरकावरच करावी. सकाळपासूनची बेरीज लावायला गेलो तर नाहक गोंधळ होतो, कारण दिवसाच्या एकूण आकड्यात बाजार उघडण्याआधीच्या लिलावातले शेअरही असतात. ते 9:15 च्या कॅन्डलमध्ये धरायचे की नाही, याबाबत सगळे स्रोत एकसारखे वागत नाहीत.

टिकमध्ये दिवसाचा सरासरी भावही येत असेल, काही ठिकाणी त्याचे नाव `average_traded_price` असते, तर व्हीवॅपसाठी आयती पडताळणी मिळते. बॅकफिलनंतर आपला व्हीवॅप 499.95 च्या आसपास आला पाहिजे. 501 दिसला तर तो व्हॉल्यूमचा खांब अजून कुठेतरी उभा आहे.

कॅन्डल बसल्या, आता इंडिकेटर

कॅन्डल साठ्यात गेल्या म्हणून ईएमए सुधारत नाही. चालू प्रोग्राम मागचा ईएमए स्मरणात धरून बसलेला असतो, त्याला साठ्यात काय बदलले ते माहीत नसते. चार्ट साठ्यातून वाचतो म्हणून अखंड दिसतो, आणि ऑर्डर मात्र 500.86 या शिळ्या आकड्यावरून सुटतात. चार्टवरची ईएमएची रेघ आणि प्रोग्रामच्या नोंदीतला ईएमए एकमेकांशी ताडून पाहणे हाच हे ओळखायचा मार्ग.

शेवटच्या शाबूत कॅन्डलवरचा, म्हणजे 11:00 चा ईएमए साठवून ठेवला असेल तर तिथून पुढे मोजता येते. पण दिवसाच्या सुरुवातीपासून, मागच्या दिवसांच्या पुरेशा कॅन्डल जोडून, सगळेच नव्याने मोजावे हे बरे. दोनशे शेअर गुणिले 375 मिनिटे म्हणजे 75,000 ओळी. साध्या संगणकाला हे काही ओझे नाही, आणि कुठून मोजायचे हा प्रश्नच उरत नाही. मोठ्या मुदतीच्या कॅन्डलही याच वेळी मिनिटांवरून पुन्हा बनवाव्यात. पाच मिनिटांच्या कॅन्डलमध्ये 11:00 पासून 11:15 पर्यंतच्या चारही बिघडलेल्या असतात, कारण तुटकी दोन मिनिटे पहिलीत आणि शेवटचीत आहेत. तासाच्या कॅन्डल 9:15 पासून मोजत असाल तर बिघडलेल्या कॅन्डल दोन, 10:15 ची आणि 11:15 ची, 11:00 ची नव्हे.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. नव्याने मोजताना प्रोग्रामला 11:02 च्या कॅन्डलवर भावाने ईएमए ओलांडल्याचे दिसते. खरेदीचा नियम पूर्ण होतो आणि 11:20:52 ला ऑर्डर सुटते. तेव्हाचा भाव 500.50 होता, आता 509 आहे. त्या इशाऱ्याची वेळ निघून गेली आहे. म्हणून मागून भरलेल्या कॅन्डलवर इंडिकेटर मोजावेत, पण त्यांच्यावरून इशारा किंवा ऑर्डर काढू नये. ऑर्डरचा अधिकार 11:20 ची कॅन्डल बंद झाल्यापासून परत द्यावा. उघड्या सौद्याचा स्टॉपलॉस मात्र वेगळा विषय आहे. तो मुळात ब्रोकरकडे एक्सचेंजवर लावलेला असावा. रामबागेतल्या फायबरच्या पेटीवर तो अवलंबून ठेवू नये.

बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाच्या सगळ्या 375 कॅन्डल पुन्हा एकदा आणून साठ्याशी ताडून पाहाव्यात. हे काम त्याच दिवशी झालेले चांगले. काही आठवड्यांनी आणायला गेलो आणि मध्ये बोनस किंवा स्प्लिट झाला असेल, तर स्रोत जुने भाव बदललेल्या हिशेबाने देतो. 500 च्या जागी 250 येतात आणि व्हॉल्यूम दुप्पट दिसते. काठाबाहेरच्या कॅन्डलशी तुलना केली तर हेही तिथेच पकडले जाते, कारण प्रत्येक भाव अगदी एकाच पटीत वेगळा असतो.

`src` आणि `received_at` हे दोन रकाने यापुढेही पुसायचे नाहीत. 11:02 च्या कॅन्डलसमोर 11:20:52 ही आल्याची वेळ राहू द्यावी. सहा महिन्यांनी याच साठ्यावर आपला नियम मागे चालवून पाहायचा झाला, तर 11:02 ते 11:20 च्या दरम्यान त्या घरात कुणालाही हे भाव दिसत नव्हते, हे या एका रकान्यातूनच कळते, आणि त्या वेळेतला खरेदीचा सौदा नफ्यात धरला जात नाही.